21 जूनची सावली : एका उत्तराच्या फेरतपासणीसाठी लिहिलेले पत्र

माझी मुलगी सई मुंबईतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीत शिकते. पहिल्या घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका ऑगस्टच्या सुरुवातीला पालकांच्या सहीसाठी घरी आल्या, तेव्हा विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत एका उत्तराभोवती लाल शाईचे गोल होते आणि समासात शून्य होते. प्रश्न असा होता : ‘21 जून रोजी दुपारी 12 वाजता मुंबईत जमिनीवर सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली कोणत्या दिशेला पडेल? कारण लिहा.’ प्रश्नाला दोन गुण होते. सईने लिहिले होते, ‘दक्षिण दिशेला. कारण 21 जूनला सूर्य आपल्या उत्तरेला असतो.’ बाईंनी ‘दक्षिण’ हा शब्द खोडून वर ‘उत्तर’ असे लिहिले होते, आणि खाली बारीक अक्षरात कारणही दिले होते की मुंबई उत्तर गोलार्धात आहे.

मी एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात इमारतींचे नकाशे काढते. खिडकीवरचा छज्जा किती बाहेर काढायचा हे ठरवताना सूर्य वर्षभर कुठून कुठे सरकतो याचा हिशेब आम्हांला करावाच लागतो, त्यामुळे सईचे उत्तर वाचताक्षणीच ते बरोबर आहे हे मला कळले. तरीही त्या दिवशी मी उत्तरपत्रिकेवर फक्त सही केली. आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक आहे म्हणून ती समोरच्याला पटेल असे नसते, आणि ज्या व्यक्तीला आपण पत्र लिहिणार तिने ते उत्तर चूक का ठरवले असावे हे समजून घेतल्याशिवाय लिहिलेले पत्र बहुधा भांडणाचे होते.

सईची वही उघडली तेव्हा ते लगेच समजले. ‘आपला देश उत्तर गोलार्धात असल्यामुळे दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला दिसतो व सावली उत्तरेकडे पडते,’ असे वाक्य फळ्यावरून उतरवून घेतलेले होते. हे वाक्य दिल्लीसाठी वर्षातल्या प्रत्येक दिवशी खरे आहे, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे आणि सूर्य कर्कवृत्ताच्या पलीकडे कधीच जात नाही. मुंबईसाठी मात्र ते वर्षातले साधारण साडेनऊ महिनेच खरे असते. मुंबईचा अक्षांश सुमारे 19 अंश उत्तर आहे, तर कर्कवृत्त सुमारे 23.4 अंशांवर. मेच्या मध्यावर, म्हणजे 15 किंवा 16 तारखेला, सूर्य मध्यान्ही मुंबईच्या बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर सूर्य आणखी उत्तरेकडे सरकत 21 जूनला कर्कवृत्तापाशी पोहोचतो, तिथून परत फिरतो आणि जुलैच्या 27 किंवा 28 तारखेला पुन्हा मुंबईच्या डोक्यावर येतो. मधले सुमारे अडीच महिने मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणून सावली दक्षिणेला पडते. प्रश्नातली 21 जून ही तारीख या अडीच महिन्यांच्या ऐन मध्यावरची आहे. सूर्य त्या दिवशी मुंबईच्या माथ्यापासून जास्तीत जास्त, म्हणजे सुमारे 4.4 अंश, उत्तरेला असतो, आणि एक मीटर उंचीच्या काठीची सावली जेमतेम पावणेआठ सेंटीमीटर, पण दक्षिणेकडे, पडते.

त्यामुळे बाईंचा नियम चुकीचा नव्हता. तो ज्या तारखेला लागू होत नाही नेमकी तीच तारीख प्रश्नात आली होती. पत्राचा सूर काय असावा हे मला या एका गोष्टीने ठरवून दिले.

पण प्रश्नात आणखी एक अडचण होती आणि ती सईच्या विरुद्ध जाण्याजोगी होती. प्रश्नात ‘दुपारी 12 वाजता’ असे म्हटले होते. घड्याळातले बारा आणि मुंबईची मध्यान्ह एकाच वेळी होत नाहीत. भारताची प्रमाण वेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरवलेली आहे आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, 72.8 अंशांच्या आसपास आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली तर सूर्य आपल्याकडे सरासरी 39 मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. (प्रमाण वेळ 1906 पासून लागू झाली तरी मुंबईने आपली जुनी, याच 39 मिनिटांनी मागे असलेली ‘मुंबई वेळ’ पुढे कित्येक वर्षे सोडली नव्हती, हे जुन्या गिरगावकरांकडून अनेकांनी ऐकले असेल.) 21 जूनला मुंबईची मध्यान्ह 12 वाजून 40 मिनिटांच्या सुमारास होते. त्या दिवशी घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य अजून पूर्वेकडे असतो, आणि एक मीटर काठीची सावली साधारण 18 सेंटीमीटर लांब, पश्चिमेकडे आणि थोडी दक्षिणेकडे झुकलेली असते. काटेकोरपणे पाहिले तर ‘12 वाजता’ या शब्दांना नुसते ‘दक्षिण’ हे उत्तरही पुरेसे नाही.

ही गोष्ट पत्रात लिहावी की गाळावी, याचा मी बराच विचार केला. गाळली असती तर पत्र सुटसुटीत झाले असते. पण विज्ञानाच्या शिक्षिकेला आपण फेरतपासणीची विनंती करतो आहोत आणि आपल्याच बाजूची एक कच्ची जागा झाकून ठेवतो आहोत, हे मला पटेना. शिवाय ती लिहिल्याने आपले म्हणणे कमजोर होत नव्हते. मध्यान्ह धरा किंवा घड्याळातले बारा धरा, सावलीचे टोक दोन्ही वेळा काठीच्या दक्षिणेच्याच बाजूला राहते आणि ‘उत्तर’ हे उत्तर कोणत्याच अर्थाने जुळत नाही.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. सईच्या बाबांचे म्हणणे होते की वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर उत्तरपत्रिकेचा फोटो टाकून विचारावे, म्हणजे इतर पालकही बोलतील. मला ते मुळीच मान्य नव्हते. चाळीस पालकांसमोर विचारलेल्या प्रश्नाला कोणत्याही शिक्षिकेला उत्तर देण्याऐवजी स्वतःचा बचावच करावा लागतो. सासूबाईंना दीड-दोन गुणांसाठी पत्र लिहिणेच अति वाटत होते. दहावीला बोर्डाकडे गुणपडताळणीचा आणि पुनर्मूल्यांकनाचा रीतसर अर्ज असतो, त्याचे शुल्क असते, मुदत असते. सातवीच्या घटक चाचणीला असे काहीच नसते. तिथे पालकाच्या हातात फक्त कागद आणि भाषा असते. सईला मात्र गुणांपेक्षा दुसरेच खटकत होते. गेल्या मेअखेरीला गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांची राखण करताना तिने पाण्याच्या टाकीच्या नळीची सावली दुपारी समुद्राकडच्या बाजूला नाही, डोंगराकडेही नाही, तर दादरच्या बाजूला, म्हणजे आमच्या घरापासून दक्षिणेला, सरकलेली पाहिली होती आणि मला त्याचे कारण विचारले होते. ‘आई, मी पाहिलेलं आहे ते चूक कसं असेल?’ एवढेच तिचे म्हणणे होते.

गच्चीवरचा हा अनुभव मी पत्रात आणला नाही. त्या दिवसाचा फोटो नव्हता, आणि असता तरी फोटोवरून उत्तर-दक्षिण सिद्ध होत नाही. आमच्या उत्तरेच्या खिडकीत जूनमध्ये ऊन येते हाही पुरावा मी वगळला, कारण उन्हाळ्यात सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तरेच्या खिडकीत दिल्लीतही येते. प्रश्न मध्यान्हीचा होता, म्हणून पुरावाही मध्यान्हीचाच हवा होता, आणि तो बाईंना माझ्यावर विश्वास न ठेवता, स्वतःच्या टेबलावर दोन मिनिटांत तपासता यायला हवा होता. शाळेतला नकाशासंग्रह आणि पृथ्वीगोल यांपेक्षा सोपे साधन मला सुचले नाही. शेवटी जे पत्र मी सईच्या दैनंदिनीत घडी घालून पाठवले ते असे :

‘प्रति,
माननीय विज्ञान विषय शिक्षिका,
इयत्ता सातवी, तुकडी ब.

विषय : प्रथम घटक चाचणी, विज्ञान, प्रश्न 4 (आ) या उत्तराची फेरतपासणी करण्याबाबत विनंती.

महोदया,
सादर नमस्कार.

माझी पाल्य कु. सई, हजेरी क्रमांक 23, हिची विज्ञानाची उत्तरपत्रिका मी पाहिली व सही करून परत पाठवत आहे. इतर सर्व उत्तरांच्या तपासणीबाबत माझे काहीही म्हणणे नाही. केवळ प्रश्न 4 (आ) चे उत्तर आपण सवडीने पुन्हा एकदा पाहावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रश्नात 21 जून रोजी मुंबईतील काठीच्या सावलीची दिशा विचारली आहे. सईने “दक्षिण दिशेला” असे लिहिले आहे व “21 जूनला सूर्य आपल्या उत्तरेला असतो” असे कारण दिले आहे. वहीत लिहून दिलेला नियम, की उत्तर गोलार्धात दुपारची सावली उत्तरेकडे पडते, कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील ठिकाणांना वर्षभर लागू होतो. मुंबई मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि 21 जूनला मध्यान्हीचा सूर्य कर्कवृत्तावर असतो. त्यामुळे त्या दिवशी मुंबईतून पाहिल्यास तो माथ्याच्या उत्तरेला दिसतो व सावली दक्षिणेला पडते, असे मला वाटते. नकाशासंग्रहात कर्कवृत्त गुजरात व मध्य प्रदेशातून जाताना दिसते व संपूर्ण महाराष्ट्र त्याच्या खाली येतो, यावरून हे आपल्याला पडताळून पाहता येईल.

एक गोष्ट मी आपणहून नमूद करते. प्रश्नात “दुपारी 12 वाजता” असे शब्द आहेत. मुंबईत मध्यान्ह त्या दिवशी सुमारे 12 वाजून 40 मिनिटांनी होते. घड्याळातील बाराच्या ठोक्याला सावली बरीचशी पश्चिमेकडे व काहीशी दक्षिणेकडे असेल. सईने “12 वाजता” याचा अर्थ मध्यान्ह असाच घेतला आहे व प्रश्नाचा हेतूही तोच असावा असे मी गृहीत धरले आहे. तिने लिहिलेल्या कारणात मुंबईच्या स्थानाचा उल्लेख नाही, त्यामुळे कारणाच्या गुणाबाबत आपण जो निर्णय घ्याल तो योग्यच असेल. माझी विनंती केवळ दिशेच्या उत्तरापुरती आहे.

माझ्या समजुतीत काही त्रुटी असल्यास कृपया दोन ओळींत कळवावे, म्हणजे सईलाही ती समजावून सांगता येईल. प्रत्यक्ष भेटणे आपल्याला अधिक सोयीचे वाटत असल्यास आपण सांगाल त्या शनिवारी मी शाळेत येऊ शकेन.

कळावे,
आपली नम्र,
सईची आई’

या पत्रात ‘गुण वाढवून द्यावेत’ हे शब्द कुठेही नाहीत, ते मी मुद्दाम टाळले होते. फेरतपासणी झाली की गुणांचे काय करायचे हे बाईंना सांगावे लागत नाही. ‘असे मला वाटते’ हे शब्दही जाणूनबुजून ठेवले होते, जरी मला ते नुसते वाटत नव्हते. आणि पत्र सईच्या हाती द्यायचे असल्याने त्यात तिच्यासमोर तिच्या बाईंचा मान कमी होईल असे एकही वाक्य राहू दिले नव्हते.

दोन दिवसांनी दैनंदिनीत उत्तर आले. अक्षर नेटके होते आणि मजकूर मला अनपेक्षित होता : ‘पत्र मिळाले. आज मधल्या सुट्टीत पाऊण वाजता मैदानावरील झेंड्याच्या खांबाची सावली मुलींसह पाहिली. सावली उत्तरेकडे आहे. तरी शनिवारी भेटावे.’

हे वाचून सईचा चेहरा उतरला. मला मात्र बाईंबद्दल आदरच वाटला, कारण त्यांनी पुस्तकाचा आधार घेतला नव्हता, मैदानात जाऊन सावली पाहिली होती. निरीक्षणही अगदी बरोबर होते. तो दिवस 10 ऑगस्टचा होता. सूर्य जुलैअखेर मुंबईच्या माथ्यावरून दक्षिणेकडे निघून गेला होता, म्हणजे ऑगस्टमध्ये सावली उत्तरेकडेच पडायला हवी होती. चाचणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात होऊन त्याच वेळी कोणी खांबाकडे गेले असते, तर उलटे दिसले असते. अर्थात त्या दिवसांत मुंबईत दुपारी ऊन पडले असते तर. या सगळ्या विषयाची मुंबईतली खरी अडचण हीच आहे की जे अडीच महिने सावली दक्षिणेला पडते त्यातले निम्म्याहून अधिक दिवस आकाश ढगांनी भरलेले असते आणि उरलेल्या दिवसांत शाळांना सुट्टी असते. मुंबईतल्या मुलाला शाळेच्या मैदानावर दक्षिणेची सावली दिसण्याचा योगच विरळा, म्हणून या नियमातली उणीव वर्षानुवर्षे कोणाला खटकत नाही.

शनिवारी मी शिक्षक-खोलीत गेले तेव्हा बाईंनी पृथ्वीगोल आधीच टेबलावर आणून ठेवला होता. त्या म्हणाल्या, ‘सईच्या आई, नकाशा मी पाहिला. मुंबई कर्कवृत्ताच्या खाली आहे हे मान्य. पण डोळ्यांना सावली उत्तरेला दिसते आहे, मग मुलांना मी काय सांगू? पत्रात लिहिलं आहे म्हणून मान्य करा, असं सांगू?’ मला हा प्रश्न फार रास्त वाटला. मी म्हणाले, ‘बाई, तुम्ही पाहिलेली सावलीच आपल्याला जूनपर्यंत मागे नेईल. फक्त ती किती लांब होती ते हवं.’

ती त्यांनी मोजलेलीच होती. खांब चौथऱ्यापासून सहा मीटर उंच होता आणि मुलींनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करून खांबापासूनचे अंतर पट्टीने मोजले होते. खडू त्याच संध्याकाळच्या पावसात वाहून गेला, पण आकडा वहीत होता : साधारण 37 सेंटीमीटर. मी मनाशी हिशेब केला तर तो 36 च्या आसपास येत होता, म्हणजे मोजमाप चांगलेच होते. मी सुचवले की आठ-दहा दिवसांनी, ऊन असेल त्या दुपारी, त्याच वेळेला तेच माप पुन्हा घ्यावे. सावली वाढली की घटली आणि रोज सरासरी किती, एवढे कळले की वाढ नसलेला दिवस मागे मोजत शोधता येतो.

‘मग उद्याच का नको?’ असे बाईंनी विचारले, आणि त्याचे उत्तर सांगण्याजोगे आहे. सूर्य हा ठिपका नाही. आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश आहे. त्यामुळे सहा मीटर उंचीवरच्या टोकाची सावली जमिनीवर पोहोचेपर्यंत तिची कड साडेपाच सेंटीमीटर रुंदीच्या धूसर पट्ट्यात विरून जाते. गडद सावली कुठे संपते आणि फिकी कुठे सुरू होते हे दोन मुली दोन ठिकाणी दाखवतात. ऑगस्टमध्ये या खांबाची मध्यान्हीची सावली दिवसाला तीनेक सेंटीमीटरने वाढते, म्हणजे एका दिवसाची वाढ त्या धूसर पट्ट्यातच हरवते. आठवडा-दहा दिवसांत ती तीस सेंटीमीटरच्या घरात जाते आणि मग पाच सेंटीमीटरच्या शंकेने फारसे बिघडत नाही. दुसरी शंका खांब सरळ आहे की नाही याची होती. खांब एका अंशाने जरी कललेला असेल तरी टोक दहा सेंटीमीटरने सरकते. बाईंनी शिपाईमामांकडून ओळंबा मागवला. खांब किंचित पूर्वेकडे झुकलेला निघाला, उत्तर-दक्षिण दिशेत मात्र ओळंब्यात होता. आपल्याला त्याच दिशेशी कर्तव्य होते.

मधले दिवस पावसाचे गेले. 20 ऑगस्टला पाऊण वाजण्याच्या सुमारास दहा-पंधरा मिनिटे स्वच्छ ऊन पडले आणि मुलींनी माप घेतले. त्या दिवशी सई धावत घरी आली आणि वही पुढे करून म्हणाली, ‘आई, एकोणसत्तर!’ दहा दिवसांत 32 सेंटीमीटर वाढ, म्हणजे रोज तीन सेंटीमीटरहून थोडी जास्त. 37 सेंटीमीटरना त्या वेगाने भागले की साधारण साडेअकरा दिवस मिळतात, आणि 10 ऑगस्टच्या साडेअकरा दिवस आधी म्हणजे 29-30 जुलै. खरी तारीख 27-28 जुलै आहे. हा फरक पडतो कारण जुलैअखेरीला सूर्याची दक्षिणेकडची चाल ऑगस्टच्या मध्यापेक्षा जरा संथ असते, त्यामुळे सारखा वेग धरून मागे मोजले की तारीख थोडी अलीकडची येते. खडू, पट्टी आणि पावसाळी दुपार यांच्या जोरावर इतके जवळ पोहोचणे मला तरी पुरेसे वाटले. वर्गात बाईंनी हाच हिशेब फळ्यावर मांडला आणि मुलींना विचारले की सावली जुलैअखेरीला शून्य होती, तर त्याच्याही आधी ती कुठे होती. सईने घरी सांगितले की क्षणभर सगळ्या गप्प होत्या, आणि मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, ‘खांबाच्या पलीकडे.’

त्यानंतरचा भाग गुणांचा होता आणि तो बाईंनी माझ्या अपेक्षेपेक्षा अधिक विचारपूर्वक हाताळला. दिशेचा एक गुण सईला मिळाला. कारणाला त्यांनी अर्धा गुण दिला; ‘सूर्य उत्तरेला असतो’ हे खरे असले तरी तो मुंबईच्या उत्तरेला का, हे तिने लिहिले नव्हते. ‘मुंबई कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे एवढं लिहिलं असतं तर पूर्ण गुण दिले असते,’ असे त्यांनी तिला सांगितले आणि मला ते योग्यच वाटले. वर्गातल्या आणखी तिघींनी ‘दक्षिण’ लिहिले होते. त्यांच्याही उत्तरपत्रिका परत मागवून दिशेचा गुण देण्यात आला, त्यांच्यापैकी कोणाच्याही पालकांनी पत्र लिहिलेले नसताना.

वहीत दिलेल्या नियमानुसार ‘उत्तर’ लिहिणाऱ्या मुलींचे काय करायचे, हा प्रश्न अवघड होता. बाईंनी त्यांचे गुण कापले नाहीत. सईच्या बाबांना हे पटले नाही. त्यांच्या मते चूक उत्तराला गुण राहू देणे म्हणजे दोन्ही बाजूंनी होकार देणे. माझे मत वेगळे आहे. मुलींनी जे शिकवले तेच लिहिले होते आणि शिकवलेल्या वाक्यातली उणीव त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे झाले असते. वहीतले वाक्य मात्र बाईंनी सगळ्यांना दुरुस्त करायला लावले. ‘उत्तर गोलार्धात’ या शब्दांच्या जागी ‘कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील ठिकाणी वर्षभर’ असे आले आणि खाली मुंबईसाठी मे मध्य ते जुलैअखेर हा अपवाद लिहिला गेला.

उत्तरपत्रिका पुन्हा घरी आली तेव्हा समासातल्या शून्यावर एकच तिरकी रेघ होती, बाजूला 1½ आणि बाईंची लघुस्वाक्षरी. एकूण गुणही तसेच बदलून त्यावरही लघुस्वाक्षरी केलेली होती, आणि दैनंदिनीत गुणपत्रकाच्या नोंदवहीत बदल केल्याची सूचना होती. मी पुन्हा सही केली आणि आभाराच्या दोन ओळी लिहिल्या. त्याच पानावर बाईंनी माझ्यासाठी एक प्रश्न लिहून ठेवला होता. पुढच्या वर्षी हाच प्रश्न विचारायचा, तर त्यात ‘12 वाजता’ ऐवजी काय लिहावे? ‘मध्यान्ही’ लिहावे असे मी कळवले, आणि 21 जूनच्या जोडीने 22 डिसेंबरही विचारावे असे सुचवले, कारण त्या दिवशी त्याच सहा मीटर खांबाची सावली उत्तरेकडे सुमारे साडेपाच मीटर पडते आणि त्या महिन्यात मुंबईत आकाशही निरभ्र असते.